वायदा १०३० ला, हजर १००० ला: मधले ३० नक्की कुणाचे?

निळा_पतंग
मंडळी, बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. एका कंपनीचा शेअर कॅशमध्ये, म्हणजे हजर बाजारात, १००० ला दिसतोय आणि त्याचाच तीन महिन्यांनी संपणारा फ्युचर, म्हणजे आज भाव ठरवून पुढच्या तारखेला देण्या-घेण्याचा वायदा, १०३० ला. (आकडे गोल केलेत, चलन कुठलंही धरा.) इकडे घ्यायचा, तिकडे विकायचा, ३० खिशात. यालाच आर्बिट्राज म्हणतात असं वाचलं. पण हे इतकं सोपं असतं तर जग दुसरं काही करतच बसलं नसतं. म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय. काय चुकतंय?

आजीचा_चष्मा
यात दोन्ही पक्षांनी मिळून एक लवाद नेमायचा असतो आणि त्याचा निवाडा दोघांवर बंधनकारक असतो. करारात तसं कलम आहे का ते आधी बघा.

निळा_पतंग
ते आर्बिट्रेशन हो :) माझं भांडण कुणाशीच नाही अजून.

सरळव्याज
यात आर्बिट्राज वगैरे काही नाही. फ्युचर १०३० ला आहे याचा अर्थ बाजाराच्या मते तीन महिन्यांनी शेअर १०३० होणार आहे. तो अंदाज आहे. खरा ठरेल किंवा नाही. तुम्ही फ्युचर विकलात आणि शेअर ११५० झाला तर बुडाल.

रेवा_ख
सरळव्याज, तुमच्या नावातच उत्तर आहे आणि तुम्ही ते सोडून अंदाजाकडे गेलात!

निळा_पतंग, मी बरीच वर्षं डीलिंग रूममध्ये काढलीत, म्हणून जरा लांबण लावते. समजा तीन महिन्यांनी तो शेअर तुमच्या हातात हवा आहे. रस्ते दोन. पहिला: आज १००० कर्ज काढा, शेअर घ्या आणि ठेवून द्या. व्याजदर वर्षाला ८ टक्के धरला तर तीन महिन्यांचं व्याज साधारण २०. म्हणजे तीन महिन्यांनी तो शेअर तुम्हाला १०२० ला पडला. दुसरा रस्ता: आज शेअरची किंमत न मोजता, फक्त मार्जिन म्हणून थोडी तारण-रक्कम ठेवून फ्युचर घ्या आणि तीन महिन्यांनी ठरलेला भाव मोजा. दोन्ही रस्त्यांच्या शेवटी हातात तोच शेअर आहे, मग दोन्हींची किंमतही एकच हवी. फ्युचरचा रास्त भाव १०२०.

शेअर वर जाईल की खाली, याबद्दलचं बाजाराचं मत त्या १००० मध्येच येऊन गेलेलं असतं. उद्या आनंदाची बातमी आली तर हजर भाव ११०० होईल आणि वायदाही त्याच्याबरोबर उडी मारेल. दोघांमधलं अंतर मात्र मतावरून ठरत नाही. ते पैसे अडकवून ठेवण्याच्या भाड्यावरून ठरतं.

तेव्हा तुमच्या ३० पैकी २० तुमचे नाहीतच, ते कर्ज देणाऱ्याचे. प्रश्न फक्त वरच्या १० चा.

सरळव्याज
बरं, व्याजाचं मान्य. पण ११५० झाला तर फ्युचर विकणारा बुडणार की नाही?

रेवा_ख
नुसता फ्युचर विकणारा बुडेल. इथे शेअरही घेतलेला आहे. एक लॉट १०० शेअरचा धरू. १,००,००० कर्ज काढून १०० शेअर १००० ला घेतले आणि त्याच क्षणी एक लॉट १०३० ला विकला.

एक्स्पायरीला शेअर ११५० वर गेला तर शेअरवर प्रत्येकी १५० मिळाले, फ्युचरवर १२० गेले, हातात ३०. शेअर ९०० ला आला तर शेअरवर १०० गेले, फ्युचरवर १३० मिळाले, हातात पुन्हा ३०. भाव कुठेही जाऊ दे, ३० पहिल्याच दिवशी बांधले गेलेत. त्यातून २० व्याज द्या, उरले १०. दोन्हीकडची दलाली, कर आणि खरेदी-विक्रीच्या भावांतली तफावत मिळून ४ धरा. राहिले ६, म्हणजे लॉटमागे ६००.

एक लाख तीन महिने अडकवून ६००. ज्याला कर्ज ८ ऐवजी ११ टक्क्यांनी मिळतं त्याचं व्याजच साडेसत्तावीस होतं. वर ४ खर्च, म्हणजे साडेएकतीस. त्याला हा सौदा तोट्याचा आहे. एकच फरक, एकाच पडद्यावर, पण एकाला त्यात नफा आणि शेजाऱ्याला खड्डा. ‘सगळं जग हेच का करत नाही’ याचं निम्मं उत्तर इथे आहे.

चिकित्सक
गणित कळलं. पण ‘फरक मिटतो’ असं सगळे म्हणतात ते कुणाच्या भरवशावर? तो मिटवायला कोणी नेमलेला असतो का?

रेवा_ख
शेवटच्या दिवशी नियम मिटवतो. फ्युचरचा हिशेब एक्स्पायरीला हजर भावानेच होतो, किंवा शेअर प्रत्यक्ष द्यावा-घ्यावा लागतो. त्यामुळे त्या दिवशी दोन भाव उरूच शकत नाहीत.

त्याआधी मात्र माणसं मिटवतात, आणि तीही स्वतःच्या लोभापायी. स्वस्त पैसा असलेल्या कुणाला हे १००० आणि १०३० दिसले की तो हजर बाजारात शेअर उचलू लागतो. १००० चे विकणारे संपतात, मग १००१ चे, मग १००२ चे. त्याच वेळी तो वायदा विकतोय, त्यामुळे १०३० चा खरेदीदार संपतो, मग १०२८ चा, मग १०२६ चा. हजर वर चढला, वायदा खाली आला, अंतर २४ वर आलं. आता २० व्याज आणि ४ खर्च वजा जाता काही उरत नाही, म्हणून तो हात थांबवतो. म्हणजे फरक त्याने खाल्ला आणि खाता खाताच संपवला.

अंतर बरोबर २० वर येत नाही, २४ ला अडकतं. २० च्या दोन्ही बाजूंना खर्चाएवढी पट्टी असते. तिच्या आत भाव मोकळे हिंडतात, कारण तिथे कुणाला काही मिळण्यासारखं नसतं. पट्टीबाहेर पाऊल पडलं की कोणीतरी ढकलून आत आणतं.

सरळव्याज
मग वायदा हजरपेक्षा खाली कधीच जायला नको. पण मी जाताना पाहिलाय.

रेवा_ख
जातो ना. आधी लाभांश बघायचा. तीन महिन्यांत २५ लाभांश मिळणार असेल तर तो शेअर धरणाऱ्याला मिळतो, वायदा धरणाऱ्याला नाही. मग रास्त भाव १००० अधिक २० वजा २५, म्हणजे ९९५. यात विचित्र काहीच नाही.

लाभांश नसतानाही वायदा ९९० ला आला तर उलटा सौदा करायचा: शेअर विकायचा, वायदा घ्यायचा. पण शेअर आधीच ज्याच्याकडे आहे त्यालाच हे सोपं. बाकीच्यांनी तो उसना आणायचा. उसना मिळायला हवा, त्याचं भाडं परवडायला हवं, आणि मालकाने मध्येच परत मागितला तर काय, हेही आलं. म्हणून वरच्या बाजूचा फरक पटकन मिटतो आणि खालच्या बाजूचा रेंगाळतो. सगळ्यांना जो शेअर विकायचाय आणि उसना मिळत नाहीये, त्याचा वायदा कित्येक दिवस रास्त भावाखाली पडून राहिलेला मी पाहिलाय.

मुक्तछंद
रेवाताई, तुम्ही म्हणता ‘भाव कुठेही जाऊ दे’. मी भाजलोय यात, म्हणून लिहितो.

अगदी हेच केलं होतं. १००० ला १०० शेअर स्वतःच्या पैशाने, १०३० ला एक लॉट विकलेला. मार्जिन भरून खात्यात वरती जेमतेम ५००० शिल्लक होते. दोन आठवड्यांत शेअर ११२० झाला आणि फ्युचर ११५८. फरक मिटायचा सोडून ३८ झाला! फ्युचरवर लॉटमागे १२,८०० तोटा, आणि तो रोजच्या रोज रोखीने कापला जात होता. शेअरवर १२,००० फायदा होता, पण तो नुसता कागदावर. पैसे भरा म्हणून फोन आला, मला त्या दिवशी जमले नाहीत, आणि ब्रोकरने फ्युचर ११५८ ला स्क्वेअर ऑफ करून टाकला.

मी शेअर ठेवले. म्हटलं, चढतोय तर चढू दे. एक्स्पायरीला तो १०४० वर होता.

रेवा_ख
वाईट वाटलं वाचून. पण यात दोन वेगळ्या गोष्टी झाल्या.

पहिली आर्बिट्राजमधलीच. नफा तीन महिन्यांनी मिळणार आणि तोट्याची बाजू रोज रोकडा मागणार. हिशेब शेवटी जुळतो, पण तिथवर टिकावं लागतं. ‘भाव कुठेही जाऊ दे’ हे एक्स्पायरीपर्यंत टिकणाऱ्यापुरतंच खरं आहे, ते मी लिहायला हवं होतं. आमच्याकडे अशा सौद्यासाठी मार्जिनच्या वर वेगळी रोकड बाजूला काढल्याशिवाय सौदाच लागत नसे. शेअर पंधरा-वीस टक्के चढला तरी पुरेल इतकी. त्या पैशाचा परतावाही खर्चात धरायचा, मग ६ चे बऱ्याचदा ३ होतात.

दुसरी गोष्ट तुमची स्वतःची. फ्युचर कापला गेला त्या क्षणी शेअर ११२० ला विकले असते तर शेअरमागे १२० मिळून १२८ गेले असते, म्हणजे ८ चा तोटा. लॉटवर ८०० आणि वर खर्च. चरफडत विसरला असतात. त्यानंतर तुम्ही साधे तेजीवाले झालात, आणि ८ चा तोटा ८८ चा झाला.

मुक्तछंद
हिशेब बरोबर आहे. ८८०० गेले. आणि थांबलो असतो तर ३००० मिळाले असते, हे कोणी सांगायच्या आत मीच सांगतो.

दर्यावर्दी
या शेअरच्या भानगडीपेक्षा चलनात आर्बिट्राज सोपं. येनचं व्याज नगण्य, डॉलरचं भरपूर. येन कर्ज काढा, डॉलर घ्या, डॉलरच्या ठेवीत टाका. बसल्या जागी फरक.

रेवा_ख
दर्यावर्दी, यात एक बाजू उघडी आहे. वर्षानंतर डॉलरचे येन करून कर्ज फेडायचंय, आणि तो भाव आज ठरवलेला नाही. हा कॅरी ट्रेड झाला. जुलै २०२४ मध्ये डॉलर १६० येनच्या वर होता, ५ ऑगस्टला १४२ च्या आसपास आला. वर्षाच्या व्याजाचा फरक काही आठवड्यांत धुऊन निघाला. त्या एका दिवसात जपानच्या शेअर बाजाराचा निर्देशांक निक्केई १२ टक्क्यांहून जास्त पडला, त्यात असे सौदे गुंडाळणाऱ्यांचाही हात होता.

उघडी बाजू बंद करायची तर डॉलर आजच फॉरवर्डमध्ये, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच बांधून, विकून ठेवायचे. आणि मग पुन्हा शेअरचंच गणित समोर येतं. आकडे सोयीचे घेते: आजचा भाव १५० येन, येनचं व्याज अर्धा टक्का, डॉलरचं ५ टक्के, मुदत एक वर्ष.

१ कोटी ५० लाख येन कर्ज काढले. वर्षाअखेर १ कोटी ५० लाख ७५ हजार परत करायचे. त्यांचे आज १,००,००० डॉलर झाले, ठेवीत वर्षाने १,०५,०००. आता फॉरवर्डचा कोणता भाव असला तर या खटाटोपातून काहीच सुटणार नाही? १,५०,७५,००० भागिले १,०५,००० करा: १४३.५७. हाच रास्त फॉरवर्ड. डॉलरवर व्याज जास्त मिळतं म्हणून तो पुढच्या तारखेला बरोबर तेवढाच स्वस्त. डॉलर पडणार असं कुणाचं भाकीत त्यात नाही.

कुणी १४६ चा फॉरवर्ड भाव दिला तर? १,०५,००० डॉलर १४६ ने विकले की १ कोटी ५३ लाख ३० हजार येन हाती येतील. कर्ज फेडून २ लाख ५५ हजार येन सुटले, आणि एकही बाजू उघडी नाही.

असा भाव टिकत का नाही, तेही बघा. या एका सौद्याने चार ठिकाणी धक्का बसतो. येनच्या कर्जाला मागणी वाढते, हजर डॉलरला मागणी वाढते, डॉलरच्या ठेवी वाढतात आणि फॉरवर्डमध्ये डॉलर विकायला येतात. चारही धक्के फरक कमी करणारे. प्रत्यक्षात व्याजदर आणि हजर भाव फारसे हलत नाहीत, ती बाजारपेठ अवाढव्य आहे. फॉरवर्डच गपचूप १४६ वरून खाली सरकतो.

दर्यावर्दी
म्हणजे माझं ते जुगारात जमा. ठीक. मग ते तीन चलनांचं काय? युरो १.१० डॉलर, डॉलर १५० येन, म्हणजे युरो १६५ येन हवा. मला परवा पडद्यावर १६५.०३ दिसला होता. डॉलर देऊन युरो, युरो देऊन येन, येन देऊन पुन्हा डॉलर. दहा लाखांवर १८० डॉलर सुटायला हवेत.

रेवा_ख
तुम्ही पडद्यावरचे मधले भाव घेतलेत. तुम्ही घ्याल ते वरच्या भावाने, विकाल ते खालच्या भावाने, आणि असं तीनदा. युरो १.१००१ ला मिळाला, येन देऊन डॉलर १५०.०१ ला मिळाला आणि युरो १६५.०२ ला विकला गेला, तरी दहा लाख डॉलरचे ९,९९,९६४ होऊन परत येतात. घेण्या-विकण्याचे खरे भाव लावूनही फरक उरला तर तो खरा. तो यंत्रं तुमची-माझी पापणी लवायच्या आत उचलतात. डीलर ओरडून भाव सांगत तेव्हा त्रिकोणात काहीतरी सापडायचं, मला आठवतं. आता नाही.

चिकित्सक
ताई, चार धक्क्यांनी फरक मिटतो म्हणता, पण २००८ नंतर येन-डॉलरमध्ये हा फॉरवर्डचा फरक वर्षानुवर्षं मिटलेला नव्हता. ‘बेसिस’ म्हणून त्याचे आकडे उघड प्रसिद्ध होतात. मग जगभरच्या बँकांना फुकटचे पैसे दिसत नव्हते?

रेवा_ख
दिसत होते. आणि मुद्दा अगदी मर्मावर आहे.

नफा डॉलर हाताशी असलेला कमावतो की येन असलेला, ते फॉरवर्ड कुठल्या बाजूला सरकलाय त्यावर ठरतं. माझ्या उदाहरणात तो येनवाल्याला होता. २००८ पासून झालं उलटं. जपानी विमा कंपन्या आणि बँकांना परदेशी रोखे घ्यायला डॉलर हवे असतात. ते त्या येन देऊन ठरावीक मुदतीसाठी उसने घेतात आणि मुदतीअखेर उलट देण्याचा भाव आजच बांधतात. मागणी इतकी, की अशा वाटेने डॉलर सरळ कर्जापेक्षा महाग पडू लागले. ज्याच्याकडे स्वस्त डॉलर आहेत त्याने ते येनवाल्याला देऊन फरक खायचा, आणि खाऊन मिटवायचा.

२००८ मध्ये तो खाल्ला गेला नाही कारण समोरची बँक उद्या उभी असेल की नाही हेच कळत नव्हतं. डॉलर कुणीच हातचे सोडत नव्हतं. ते संकट ओसरलं तरी फरक राहिला, कारण नियम बदलले. आता बँकेला तिच्या एकूण ताळेबंदाच्या आकारामागे भांडवल ठेवावं लागतं, सौदा कितीही बिनजोखमीचा असला तरी. अर्धा टक्काही न देणाऱ्या सौद्यासाठी ताळेबंद फुगवायचा, तर त्यामागे अडकणाऱ्या भांडवलाचा मोबदला त्यातून निघत नाही. शेअरच्या उदाहरणात खर्च ४ होता, इथे तो खर्च वाढला आणि पट्टी रुंदावली.

हे ओळखायची एक खूण आहे. तिमाही आणि वर्ष संपताना, जेव्हा ताळेबंद जगाला दाखवायचे असतात, नेमका तेव्हा हा फरक उसळतो आणि तारीख उलटली की पुन्हा बसतो. डॉलरची गरज त्या दोन दिवसांत बदललेली नसते. देणाऱ्याने हात आखडता घेतलेला असतो.

अर्थशास्त्रज्ञ केन्सने १९२३ मध्येच लिहून ठेवलंय की वर्षाला अर्धा टक्का तरी सुटत असल्याशिवाय या सौद्याला कोणी हात घालत नाही. शंभर वर्षांनी आपण पुन्हा तिथेच.

चिकित्सक
बँकांचं पटलं. पण बँकेचे नियम नसलेले फंड आहेत, सरकारी पैशाचे मोठे साठे आहेत. त्यांनी का नाही खाल्लं?

रेवा_ख
काहींनी खाल्लं, रोकड डॉलर ज्यांच्याकडे होते त्यांनी. पण फंडाला डॉलर उसने कोण देणार? बँकच. म्हणजे तो ताळेबंद पुन्हा मध्ये आलाच.

चिकित्सक
हे अर्धंच पटतंय. सरकारी साठ्यांना कुणाकडून उसनं आणावं लागत नाही.

रेवा_ख
त्यांना डॉलर हाताशी हवे असतात, मुदतीत बांधलेले चालत नाहीत, असं माझं मत. पण यावर तुमच्याशी पैज लावणार नाही.

आजीचा_चष्मा
सगळं वाचलं. लवाद नसतो एवढं कळलं. निळा_पतंग, मग तुमच्या त्या ३० चं काय झालं?

निळा_पतंग
तेच सांगायला आलो होतो. रेवाताईंनी घेण्या-विकण्याचे खरे भाव लावा म्हटलं, म्हणून आज पडदा नीट उघडला. १०३० हा फ्युचरचा शेवटचा सौदा होता आणि त्याची वेळ सकाळची, बाजार उघडल्या उघडल्याची. तेव्हा शेअरही १००९ वर होता. नंतर शेअर घसरत १००० वर आला, पण त्या फ्युचरमध्ये दिवसभर दुसरा सौदाच झाला नव्हता, म्हणून १०३० तसाच लटकलेला. खरेदीदार १०१८ ला बसलाय, विकणारा १०२५ ला.

मुक्तछंद
मी पण तेव्हा वेळ बघितली नव्हती, बहुतेक.